‘विनंती अर्ज’ की ‘तक्रार’? राळेगावच्या एका पत्राचं वाचन

माझ्या संशोधनाचा विषय कुणी विचारला की मी सांगतो, “अर्ज.” लोक हसतात. पण खरंच तेवढंच आहे. सामान्य माणूस सत्तेच्या टेबलासमोर कागदावर कसा बोलतो, हे मी वाचतो. आजवर या पानांवर तलाठ्याला, वीज कार्यालयाला, बँकेला लिहिलेल्या अर्जांवर लिहिलं. आज एका शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्राबद्दल लिहितोय. ते राळेगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितोय. शाळेचं आणि माणसांचं नाव नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

प्रसंग थोडक्यात असा. मुलगा आठवीत. मधल्या सुट्टीत वर्गातल्या तीन मुलांनी त्याला धरून त्याच्याकडून काहीतरी करवून घेतलं, चौथ्याने मोबाइलवर चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या मावसभावाच्या फोनवरही. अंगावर कपडे होते, मारहाण नव्हती. व्हिडिओत नेमकं काय आहे ते मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

पत्र दीड पानाचं, रेघी कागदावर, निळ्या पेनाने. सुरुवात अशी :

“विषय : मुलाला त्रास होत असल्याबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, माझा मुलगा आपल्या शाळेत वर्ग ८ वा मध्ये शिकत असून त्याला काही मुलांकडून त्रास दिला जात आहे. तरी साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती.”

ज्याने आयुष्यात डीपी जळाल्याबाबत, पीक विमा न मिळाल्याबाबत आणि पांदण रस्ता खचल्याबाबत अर्ज केले आहेत, त्याचा हात कागदावर आपोआप असाच चालतो. “असल्याबाबत” हे शब्दरूप आपल्या अर्जांची खास मिळकत आहे. त्यात कर्ता नसतो. डीपी जळते, रस्ता खचतो, त्रास होतो. कुणी काही करत नाही, सगळं होत असतं. डीपीच्या बाबतीत हे चालून जातं, कारण ती कुणी जाळली याच्याशी शेतकऱ्याला देणंघेणं नसतं, त्याला नवी हवी असते. इथे मात्र कर्ता गेला की पत्रातलं अर्धं प्रकरण गेलं. “त्रास दिला जात आहे” हे वाचून मुख्याध्यापकाच्या डोळ्यासमोर काय येईल? पेन लपवणं, टोपणनाव पाडणं, बाकावरून ढकलणं. व्हिडिओ हा शब्द पहिल्यांदा येतो तो सतराव्या ओळीत.

मग एकदम उलटा प्रकार होतो. सतराव्या ओळीनंतर वडिलांचा बांध फुटतो आणि पुढच्या अकरा ओळींत व्हिडिओत काय दिसतं याचं सविस्तर वर्णन येतं. मुलगा काय करतोय, बाकीचे काय म्हणतायत, तो कधी रडायला लागतो. शेवटी : “सोबत पेन ड्राइव्ह जोडला आहे.”

वाचताना मी इथे थांबलो. हा कागद कुणाकुणाच्या हातातून जाणार याचा विचार करा. आधी शिपाई. मग लिपिक, जो आवक नोंदवहीत विषय लिहिण्यासाठी पत्र पूर्ण वाचणार. मग मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, वर्गशिक्षक. प्रकरण वाढलं तर संस्थेचे सचिव आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, म्हणजे गावातलेच पालक. प्रत्येक जण ते वर्णन वाचणार. आणि पेन ड्राइव्ह? “बघू तरी काय आहे” म्हणून ऑफिसातल्या संगणकावर लागणार, चार माणसं मागे उभी राहणार. वडिलांना यातलं काहीच नको होतं. पण पत्राने नकळत त्या व्हिडिओचा आणखी एक फेरा घडवून आणण्याची सोय केली.

इथे संशोधनाचा मुद्दा येतो. शाळेतल्या छळाची जी व्याख्या जगभर वापरली जाते ती नॉर्वेत काम केलेल्या डॅन ओल्वेअस यांची. तिचे तीन भाग : हेतू, पुनरावृत्ती आणि ताकदीतली तफावत. मोबाइल आल्यावर अभ्यासक ‘पुनरावृत्ती’वर अडले. चित्रण एकदाच झालं, टाकलंही एकदाच, मग वारंवार काय झालं? आता बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की इथे पुनरावृत्ती करणारा तो मूळ मुलगा असण्याची गरज नाही. पाहणारा आणि पुढे पाठवणारा प्रत्येक जण ती करतो. मला हे पटतं, कारण पीडित मुलाच्या बाजूने पाहिलं तर घटना मधल्या सुट्टीत संपलेलीच नसते. वडिलांनी पत्रात एक ओळ लिहिली आहे, जी अर्जाच्या साच्यात कुठेच बसत नाही : “तो आता जेवताना कोणाचाही फोन वाजला तरी ताट सोडून उठतो.” अख्ख्या पत्रातलं सर्वात चांगलं वाक्य हेच. हे वाक्य वाचलेला माणूस “पोरांची गंमत आहे हो” असं सहज म्हणू शकत नाही. अकरा ओळींचं वर्णन जे सांगू शकलं नाही ते या एका ओळीने सांगितलं, आणि तेही मुलाला पुन्हा उघडं न पाडता.

म्हणून माझी पहिली दुरुस्ती : व्हिडिओचं वर्णन नको, व्हिडिओच्या प्रवासाचं हवं. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या नावाच्या ग्रुपवर, कुठल्या क्रमांकावरून आला, ग्रुपमध्ये किती सदस्य आहेत, ॲडमिन कोण. आतल्या मजकुराबद्दल एक वाक्य पुरे : “त्याला धरून, त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याची लाज निघेल अशी कृती करायला लावली.” पेन ड्राइव्ह जोडू नये. मूळ संदेश ज्या फोनवर आला त्या एका फोनवर तसाच ठेवावा, ग्रुपच्या पडद्याचे फोटो तारीख-वेळेसह काढावेत, आणि पत्रात एवढंच लिहावं की पुरावा आमच्याकडे आहे, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवू. पुढे कधी कोर्टाची वेळ आलीच, तर 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. पाच फोनांवरून फिरून आलेल्या प्रतीपेक्षा मूळ फोन तिथे जास्त कामाचा.

एक रेघ मात्र ठळक ओढतो. मूल उघडं असेल किंवा लैंगिक स्वरूपाचं काही असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे पोक्सो लागतो. कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं हे पालक, शिक्षक, मुख्याध्यापक अशा प्रत्येकाचं कर्तव्य आहे, आणि ‘पुरावा’ म्हणून तो व्हिडिओ इकडे-तिकडे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य नुसतं जवळ बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला आहे. तेव्हा थेट पोलीस ठाणं, नाहीतर 1930 किंवा 1098.

पण राळेगावच्या या पत्रातला प्रकार त्या रेघेच्या अलीकडचा आहे, आणि शाळांमधले बरेच प्रकार तिथेच घुटमळतात. अश्लील नाही म्हणून पोक्सो नाही. मार नाही म्हणून जखम नाही. मग शाळा म्हणते, आमच्या हातात काय आहे? वडिलांनाही वाटलं की आपल्या हातात विनंतीच आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 2003 साली असंच झालं होतं. एका शाळकरी मुलाने काठी फिरवत सिनेमातल्या लढाईची नक्कल करताना स्वतःचं चित्रण केलं होतं, ते वर्गमित्रांना सापडलं आणि त्यांनी इंटरनेटवर टाकलं. त्यातही अश्लील काहीच नव्हतं. तरी मुलाला शाळा सोडावी लागली, आई-वडील वर्गमित्रांच्या कुटुंबांविरुद्ध कोर्टात गेले आणि 2006 मध्ये तडजोड झाली. तीन वर्षं गेली.

महाराष्ट्रात मात्र या अधल्यामधल्या जागेसाठी एक कायदा पंचवीस वर्षांहून जास्त काळ पडून आहे आणि शाळांच्या संदर्भात तो कुणाला आठवत नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, 1999. रॅगिंग म्हटलं की आपल्याला मेडिकल कॉलेजचं हॉस्टेल दिसतं. 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर हा कायदा बातम्यांत आला, तोही तसाच. पण त्यातली ‘शैक्षणिक संस्था’ची व्याख्या कॉलेजपुरती नाही, शिक्षण देणारी कुठल्याही नावाची संस्था तिच्यात येते. कॉलेजांपुरते आहेत ते यूजीसीचे नियम. आपण दोन्हींची खिचडी करतो.

व्याख्येचा आशय बघा. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, किंवा भीती, लाज, संकोच वाटेल असं वर्तन. त्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, थट्टा. आणि एरवी तो विद्यार्थी स्वखुशीने करणार नाही अशी कृती करायला लावणं. “लाज” आणि “करायला लावणं” हे दोन्ही आमच्या प्रसंगात जसेच्या तसे आहेत. शिवाय बंदी संस्थेच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे. म्हणजे “ग्रुप शाळेचा नाही, पोरांनी घरून टाकलं” हे उत्तर इथे टिकत नाही.

आणि आता माझ्या, म्हणजे अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या, दृष्टीने सर्वात महत्त्वाचं कलम. कलम 6. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केली की प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. कलम 7 म्हणतं की प्रमुखाने हे केलं नाही, टाळलं, तर त्याने रॅगिंगला चिथावणी दिली असं मानलं जाईल. म्हणजे वडिलांचा कागद नुसता कागद नाही. तो टेबलावर पडला की घड्याळ सुरू होतं.

मग ते सुरू का झालं नाही? पत्रात तीन जागा आहेत. एक, शब्द. “विनंती अर्ज” हा तक्रार नाही असं म्हणायला शाळेला वाव राहतो. कायद्याचा चांगला जाणकार म्हणेल की नावाने काय फरक पडतो, आशय बघा. बरोबर आहे. पण आवक नोंदवहीत लिपिक आशय लिहीत नाही, विषय लिहितो. दोन, तारीख. पत्रावर “दिनांक :  /  /” अशी जागा सोडली आहे आणि ती भरलेलीच नाही. सात दिवस कधीपासून मोजायचे? तीन, पोच. पत्र वडिलांनी वर्गशिक्षकांच्या हातात दिलं आणि परत आले. दुसऱ्या प्रतीवर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. मी विचारलं तर म्हणाले, “सरच्या हातात देलं ना. पोच काहून मांगाची, ते आपलेच सर आहेत.” खतांच्या दुकानात पावती घेतल्याशिवाय पायरी न उतरणारा हा माणूस. शाळेत पोच मागणं म्हणजे गुरुजींवर अविश्वास, असं त्याला वाटलं. यावर हसू नका, मीही माझ्या विद्यापीठात कित्येक अर्ज असेच दिले आहेत.

पत्राच्या शेवटी मागणी आहे : “सदर मुलास शाळेतून काढून टाकण्यात यावे.” एकच मुलगा, ज्याने चित्रण केलं तो. राग समजतो. पण ही मागणी पत्राला कमजोर करते. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 तशी मनाई करतं. मुख्याध्यापकाला “हे माझ्या अधिकारात नाही” असं खरं उत्तर देऊन फाइल बंद करायची संधी मिळते. निलंबन वेगळं, ते तात्पुरतं असतं. पोलिसांचं पाऊलही वयामुळे वेगळं पडतं : अठराच्या आतल्या मुलाविरुद्ध फार गंभीर गुन्हा नसेल तर सहसा एफआयआर न होता दैनंदिनीत नोंद आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल होतो, पुढे बाल न्याय मंडळ. हे वडिलांना थोडं कडू लागलं. पण त्या चौघांची नावं गावभर, पेपरभर करणंही म्हणूनच चुकीचं आहे. तीही मुलं आहेत.

मला जास्त खटकलं ते दुसरंच. पत्रात दोनच पात्रं आहेत, माझा मुलगा आणि “सदर मुलगा”. पण धरणारे तिघे कुठे गेले? ग्रुपमधले बाकीचे? फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी 1996 मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की वर्गातला छळ हा दोघांमधला मामला नसतो. पुढाकार घेणारा असतो, त्याचे मदतनीस असतात, हसून-टाळ्या वाजवून जोर देणारे असतात, लांब राहणारे असतात, आणि एखाद-दुसरा बाजू घेणारा असतो. पुढे फिनलंडच्या शाळांमध्ये ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला तो याच धाग्यावर : पुढाकार घेणाऱ्याला बदलणं कठीण, हसणाऱ्यांना बदलणं त्यामानाने सोपं. व्हॉट्सॲपवर हे प्रकार चक्क मोजता येतात. हसरी चित्रं कुणी टाकली, पुढे कुणी पाठवलं, कोण गप्प राहिलं. त्या ग्रुपमध्ये एका मुलीने “हे काढून टाका, सरांना सांगेन” असं लिहिलं होतं. पत्रात तिचा उल्लेखच नाही. चौकशीत सर्वात मोलाची साक्ष तिची, आणि परत शाळेत जाताना मुलाला सर्वात मोठा आधारही बहुधा तिचाच.

एक तांत्रिक गोष्ट, जी मागणीत असायला हवी होती. ग्रुपवरून संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ केला तरी ज्यांच्या फोनमध्ये आपोआप डाउनलोड चालू आहे त्यांच्या गॅलरीत प्रत राहू शकते. कुणाच्या फोनचे फोटो आपोआप गुगलवर जात असतील तर तिथेही. म्हणून “व्हिडिओ काढून टाकावा” एवढं पुरत नाही. गॅलरी, बॅकअप, स्टेटस, पुढे पाठवलेल्या प्रती, असं नाव घेऊन मागावं लागतं. आणि तेही पुरावा नोंदवून झाल्यावर, नाहीतर साफसफाईतच प्रकरण साफ.

आम्ही दोघांनी बसून पत्र पुन्हा लिहिलं. ते असं झालं :

“विषय : माझ्या मुलाच्या रॅगिंगबाबत लेखी तक्रार (महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, 1999, कलम 6).

मा. मुख्याध्यापक साहेब, माझा मुलगा आपल्या शाळेत आठवीत आहे. दिनांक … रोजी मधल्या सुट्टीत वर्गातल्या तीन विद्यार्थ्यांनी त्याला धरून, त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याची लाज निघेल अशी कृती करायला लावली व चौथ्याने त्याचे चित्रण केले. त्याच दिवशी सायंकाळी … वाजता ते चित्रण … या ग्रुपवर टाकण्यात आले. चौघांची नावे व ग्रुपचा तपशील बंद लिफाफ्यात आपल्या नावे सोबत देत आहे. तो आपण स्वतः उघडावा. चित्रण मी जोडत नाही. चौकशी अधिकाऱ्यांना दाखवण्यास तयार आहे.

त्या दिवसापासून तो शाळेत आलेला नाही. जेवताना फोन वाजला तरी ताट सोडून उठतो.

माझी मागणी : सात दिवसांत चौकशी करून मला लेखी कळवावे. नोंद झाल्यावर सर्व संबंधितांच्या फोनमधील गॅलरी, बॅकअप व पुढे पाठवलेल्या प्रती त्यांच्या पालकांसमक्ष काढून घ्याव्यात. बसण्याची जागा किंवा तुकडी बदलायची झाल्यास माझ्या मुलाची बदलू नये. माझ्या मुलाशी कोणी बोलायचे झाल्यास त्याला विश्वास वाटतो अशा एकाच शिक्षकाने, वर्गासमोर नव्हे, बोलावे.”

पहिल्या पत्रापेक्षा हे अर्ध्याहून लहान आहे. यात उणीव नाही असं नाही. “रॅगिंग” हा शब्द वडिलांच्या तोंडात बसत नव्हता. “हे तं कॉलेजचं असते ना” असं ते दोनदा म्हणाले. शाळाही तेच म्हणण्याची शक्यता आहे, आणि मग कलम दाखवत बसावं लागेल. शिवाय नियमाच्या भाषेत पत्र आलं की काही मुख्याध्यापक बचावाच्या पवित्र्यात जातात, आधी संस्थेच्या वकिलाला फोन करतात आणि मुलाला नंतर. हे नुकसान खरं आहे. म्हणूनच ताटाची ओळ आम्ही मागणीच्या आधी ठेवली.

लिफाफा घेऊन ते दोन प्रतींसह ऑफिसात गेले. लिपिकाने विषय वाचला आणि म्हणाला, “भाऊ, ‘तक्रार’ काढून ‘विनंती’ करून देऊ का? उगाच मोठं दिसते.”

“नाई,” ते म्हणाले, “तसंच राहू द्या. अन् हे दुसऱ्या कागदावर शिक्का मारून द्या.”

शिक्का मिळाला. आवक क्रमांक थोडा पुसट आहे, तारीख वाचता येते.